चुकांच्या वहीतून: ऑप्टिक्स आणि करंट इलेक्ट्रिसिटीची गणितं, फेब्रुवारीच्या नोंदी

2 फेब्रुवारी, लातूर

आजपासून या दोन चॅप्टरचं काम वेगळ्या वहीत. गेल्या वर्षीच्या नीटमध्ये फिजिक्सच्या 45 प्रश्नांपैकी 27 सोडवले, 13 बरोबर, 14 चूक. बरोबरचे 52 आणि चुकांचे उणे 14, म्हणजे 180 पैकी 38. बायोलॉजीने सावरून धरलं होतं, पण 38 वर सरकारी कॉलेज मिळत नाही. त्यामुळे हे रिपीटचं वर्ष.

दहावीपासून माझं गणित कच्चं आहे. अकरावीला पीसीबी घेतलं तेव्हा वाटलं होतं की सुटका झाली. ऑप्टिक्स आणि करंट यांची थिअरी मला येते, एनसीईआरटी तीन वेळा वाचून झालंय. पेपरमध्ये आकडे आले की हात अडतो. म्हणून नवीन काही वाचायच्या आधी जुन्या टेस्टमधले या दोन चॅप्टरचे चुकलेले प्रश्न काढले. 40 निघाले. रफ कामाची पानं जपून ठेवली होती, ती समोर घेऊन प्रत्येक चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते शोधलं. दुपार त्यातच गेली.

संकल्पनाच कळली नव्हती असे 7. प्रश्न नीट वाचला नाही असे 5. उरलेल्या 28 मध्ये फिजिक्स बरोबर होतं: चिन्हात 11, अपूर्णांक उलटा करण्यात 9, दहाच्या घातात किंवा एककात 8.

आकडे मांडल्यावर पहिल्यांदा कळलं की मला सगळं गणित शिकायचं नाहीये, तीनच गोष्टी शिकायच्यात.

3 फेब्रुवारी

अपूर्णांकापासून सुरुवात. ऑक्टोबरच्या टेस्टमधला हा प्रश्न: कॉन्व्हेक्स लेन्स, फोकल लेंथ 20 सेमी, वस्तू 30 सेमीवर, प्रतिमा कुठे? माझं उत्तर 12 सेमी. रफ पानावर असं होतं:

```
1/v = 1/20 + 1/30 = 5/60
v = 12
```

लसावि बरोबर, बेरीज बरोबर, उलटंही केलंय. चुकलं फक्त मधलं चिन्ह. सूत्र 1/v − 1/u = 1/f. त्यात u = −30 घालून 1/u दुसऱ्या बाजूला नेलं की 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे v = 60.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. 12 सेमी हे उत्तर लिहिताना माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. वस्तू f आणि 2f यांच्यामध्ये असेल तर प्रतिमा 2f च्या पलीकडे पडते, हे मला पाठ आहे. इथे 2f म्हणजे 40. मग 12 येऊच शकत नाही. किरणाकृती एका कप्प्यात आणि आकडेमोड दुसऱ्या कप्प्यात, अशी माझी गत होती.

आजपासून नियम: लेन्स किंवा आरशाचं गणित आलं की आधी समासात एक आडवी रेघ, तिच्यावर f आणि 2f, वस्तूचा बाण, आणि "v 40 पेक्षा जास्त" असं अंदाजाचं वाक्य. दहा सेकंद लागतात. आकडेमोड त्यानंतर.

4 फेब्रुवारी

रात्री लाईट बंद करून हेच गणित खोलीत करून पाहिलं. स्टेशनरीच्या दुकानातून भिंग आणलं होतं. दुपारी खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीची प्रतिमा भिंतीवर घेतली, तेव्हा भिंग भिंतीपासून साधारण 20 सेमीवर होतं. रात्री मोबाईलच्या स्क्रीनवर जाड बाण काढला, ब्राइटनेस पूर्ण केला, फोन भिंगापासून 30 सेमीवर उभा केला. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरून मागे मागे सरकले. सुरुवातीला नुसता धूसर उजेड. 50 च्या पुढे बाणाचं टोक दिसू लागलं आणि 63 वर बाण स्वच्छ उमटला, उलटा आणि दुप्पट मोठा.

63 का, 60 का नाही? 20.3 सेमी फोकल लेंथ धरून आकडेमोड केली तर जवळपास 63 येतं. म्हणजे मोजण्यात तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की प्रतिमा तीन सेमी सरकते. वस्तू फोकसच्या जवळ असताना v किती झपाट्याने बदलतो ते कागदावर मला कधीच जाणवलं नव्हतं.

रूममेट म्हणाली, "नीटला प्रॅक्टिकल नसतं गं." नसतं. पण आता 12 सेमी लिहायला माझा हात उठणार नाही.

6 फेब्रुवारी

समांतर जोडणी. 4, 6 आणि 12 ओहमचे तीन रोध समांतर. माझं जुनं उत्तर 1/2 ओहम. 1/4 + 1/6 + 1/12 = 6/12 = 1/2 इथपर्यंत आले आणि थांबले, उलटं करायचं राहिलं. पर्यायांत 0.5 होताच. पेपर काढणाऱ्यांना ही चूक चांगली ठाऊक असते.

रात्री बाबांचा फोन आला. आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, रोध मोजणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांना विचारलं, "बाबा, समांतर जोडलं की रोध कमी होतो हे तुम्ही डोक्यात कसं ठेवता?" ते म्हणाले, "अगं, पाण्याला अजून एक पाइप लावून दिला तर पाणी जास्तच जाणार ना? मग अडथळा कमीच झाला की." यातून तपासणी मिळाली: समांतरचं उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षाही लहान हवं. पण 0.5 सुद्धा 4 पेक्षा लहानच आहे, त्यामुळे ही तपासणी माझी चूक पकडत नाही. आणखी काहीतरी हवं होतं.

7 फेब्रुवारी

ते क्लासच्या डाउट काउंटरवर मिळालं. सरांना पान दाखवलं. त्यांनी सूत्र खोडून टाकलं आणि म्हणाले, "तिघांवर 12 व्होल्टचा सेल लावलाय असं समज. प्रत्येकातून करंट किती?"

4 ओहममधून 3 अँपिअर, 6 मधून 2, 12 मधून 1. एकूण 6 अँपिअर. 12 व्होल्टला 6 अँपिअर, म्हणजे रोध 2 ओहम. झालं.

अपूर्णांक आलाच नाही. व्होल्टेज कितीचं घ्यायचं? सगळ्या रोधांचा लसावि. मनातला सेल आपलाच असतो, आपल्याला हवा तेवढ्याचा. उलटं करायची पायरीच उरत नाही, कारण शेवटी V भागिले I असतं आणि ते आपोआप ओहममध्ये येतं. रात्रीपर्यंत या पद्धतीने 25 गणितं केली, एकही चुकलं नाही. 2 आणि 7 असे वाकडे आकडे असले तर मनातला सेल 14 व्होल्टचा: 7 आणि 2, एकूण 9 अँपिअर, उत्तर 14/9. तेही जमतं.

दोनच रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज पुरतं. लेन्सलाही तेच चालतं, v = uf/(u + f), फक्त चिन्हांसकट: (−30 × 20)/(−30 + 20) = −600/−10 = 60. आरशाला खाली u − f येतं. ही दोन्ही रूपं मी स्वतः सूत्रातून काढून पाहिली आणि मगच वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.

10 फेब्रुवारी

चिन्हं. सगळ्यांत जास्त चुका इथे आहेत, 11.

कॉन्केव्ह आरसा, f 15 सेमी, वस्तू 10 सेमीवर. वस्तू फोकसच्या आत, म्हणजे प्रतिमा आरशामागे, सुलटी, मोठी. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यानेच घात केला. v आरशामागे म्हणून अधिक, u उणे, f उणे, असं म्हणत मी तिन्ही ठिकाणी चिन्हं भरली आणि सूत्र लिहितानाही कुठल्या तरी जुन्या पाठांतरातलं उणे लावलं. एकाच गोष्टीला दोनदा चिन्ह लागलं.

आता पद्धत अशी: पानावर आधी चौकट. तिच्यात फक्त दिलेल्या राशी, चिन्हासकट. u = −10, f = −15. खाली v = ? आणि त्याच्यापुढे काही नाही. अज्ञाताला आपण चिन्ह द्यायचं नाही, ते आकडेमोडीतून येऊ द्यायचं. मग कोरं सूत्र, आणि मग किंमती कंसात:

```
1/v + 1/u = 1/f
1/v = 1/(−15) − 1/(−10) = −2/30 + 3/30 = 1/30
v = +30,  m = −v/u = −30/(−10) = +3
```

v अधिक आला, म्हणजे आरशामागे. रेघेवर काढलेल्या अंदाजाशी जुळला. मला जे आधीपासून माहीत होतं, ते मी उत्तरात कोंबायला नको होतं, उत्तर पडताळायला वापरायचं होतं.

f चं चिन्ह आता अडत नाही. आरसा असो वा लेन्स, कॉन्व्हेक्स अधिक, कॉन्केव्ह उणे. खऱ्या वस्तूचा u कायम उणे.

11 फेब्रुवारी

कालच्या नियमाला एक अपवाद सापडला, तो इथे लिहून ठेवते. "कॉन्केव्ह आरशाची f 12 सेमी, खरी प्रतिमा तिप्पट मोठी, वस्तू कुठे?" इथे तिप्पट ही दिलेली राशी आहे, म्हणून तिला चिन्ह द्यावंच लागतं, आणि ते "खरी" या शब्दात दडलेलं असतं. खरी प्रतिमा उलटी असते, म्हणून m = −3. त्यावरून v = 3u. सूत्रात घातलं की 4/(3u) = −1/12, u = −16 सेमी.

मी m = +3 घेतला होता. त्याने v = −3u होतं, 2/(3u) = −1/12 आणि u = −8. हे आभासी प्रतिमेचं उत्तर. पर्यायांत 16 आणि 8 दोन्ही होते. रेघेवर पाहिलं तर 8 फोकसच्या आत आहे, तिथून खरी प्रतिमा मिळत नाही. रेघ असती तर चार मार्क वाचले असते आणि एक कापला गेला नसता.

"खरी", "आभासी", "पडद्यावर", "सुलटी" या शब्दांभोवती आता प्रश्न वाचतानाच गोल करते.

14 फेब्रुवारी

पाण्यातली लेन्स. काचेचा अपवर्तनांक 1.5, पाण्याचा 4/3, हवेत f 20 सेमी, पाण्यात किती? मी 1.5 ला 1.33 ने भागत बसले होते आणि तिथेच दोन मिनिटं गेली. कॅल्क्युलेटर नसतो, तर दशांशात शिरायचंच कशाला? 3/2 भागिले 4/3 म्हणजे 3/2 × 3/4 = 9/8. त्यातून 1 वजा, 1/8. हवेत तीच किंमत 3/2 − 1 = 1/2. अर्धा हा एक अष्टमांशाच्या चौपट, म्हणून f चौपट, 80 सेमी. पाण्यात लेन्स दुबळी होते, f वाढायलाच हवी, म्हणजे दिशाही बरोबर.

प्रश्नात 1.5 दिसलं की लगेच 3/2 लिहायचं.

17 फेब्रुवारी

सर्किट ओळखणं. तीन 6 ओहमचे रोध एका ओळीत, A पासून B पर्यंत, मधले बिंदू P आणि Q. एक तार A ला Q शी जोडते, दुसरी P ला B शी. मी 18 लिहिलं होतं, कारण चित्रात ते एका ओळीत दिसतात.

सरांचा उपाय: रोध नसलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर द्यायचं. मग Q सुद्धा A, आणि P सुद्धा B. पहिला रोध A ते B, दुसरा B ते A, तिसरा A ते B. तिन्ही समांतर, उत्तर 2 ओहम. चित्र परत काढायचीही गरज पडत नाही. प्रत्येक रोधाच्या दोन टोकांची अक्षरं वाचली की तो कोणाशी समांतर आहे ते कळतं. इथे गणित काहीच नव्हतं, तरी मी हे "गणित येत नाही" या खात्यात टाकलं होतं.

19 फेब्रुवारी

किर्खॉफ. आजची नोंद लांब होणार.

डावीकडे 12 व्होल्टचा सेल 2 ओहमसोबत, उजवीकडे 6 व्होल्टचा सेल 3 ओहमसोबत, मध्ये 6 ओहम. तिन्ही शाखा वर एका बिंदूत आणि खाली एका बिंदूत मिळतात, दोन्ही सेलची धन टोकं वर. प्रत्येक शाखेतला करंट काढा.

डिसेंबरात मी दोन लूप घेतले होते. 8I₁ + 6I₂ = 12 आणि 6I₁ + 9I₂ = 6. समीकरणं बरोबर होती, आज पुन्हा तपासली. सोडवताना 11 मिनिटं गेली आणि I₂ = −2/3 आलं. उणे आलं म्हणून मी ते खोडलं. पानावर अजून दिसतंय, इतकं जोरात खोडलंय की कागद फाटलाय. खोडलेलं उत्तर बरोबर होतं.

आज तेच गणित एका अज्ञातात केलं. खालचा बिंदू 0 व्होल्ट धरायचा, वरचा x. वरच्या बिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो:

```
(12 − x)/2 + (6 − x)/3 = x/6
36 − 3x + 12 − 2x = x
48 = 6x,  x = 8
```

पहिल्या ओळीला 6 ने गुणलं की अपूर्णांक संपले. हाही लसाविच, परवाच्या मनातल्या सेलचा भाऊ. मग डावा करंट (12 − 8)/2 = 2 अँपिअर, मधला 8/6 = 4/3, उजवा (6 − 8)/3 = −2/3. पडताळा: वर 2 येतात, 4/3 मधून खाली जातात, उरलेले 2/3 उजवीकडून खाली.

आणि ते उणे का, तेही x ने सांगितलं. वरचा बिंदू 8 व्होल्टवर, सेल 6 व्होल्टचा. त्याच्या टोकांना त्याच्यापेक्षा जास्त दाब आहे, म्हणून करंट उलटा त्याच्यात शिरतोय, तो चार्ज होतोय. आरशातल्या v ला चिन्ह द्यायचं नाही, तसंच करंटच्या दिशेचंही आहे. दिशा काहीही धरा, चुकीची धरली असेल तर उणे येऊन सांगेल.

दुसऱ्यांदा न बघता केलं, अडीच मिनिटं लागली. सर्किटमध्ये स्वतंत्र बिंदू दोन असले की x आणि y दोन्ही घ्यावे लागतात, तिथे मी अजून अडखळते. तसा प्रश्न आला तर तो शेवटी.

22 फेब्रुवारी

दहाचे घात. तांब्याच्या तारेचं क्षेत्रफळ 1 मिमी², करंट 3.4 अँपिअर, n = 8.5 × 10²⁸ प्रति घनमीटर, ड्रिफ्ट वेग किती? मी 1 मिमी² म्हणजे 10⁻³ मी² लिहिलं होतं. मिलि म्हणजे 10⁻³, पण वर्ग त्या मिलिलाही लागतो, म्हणून 10⁻⁶.

आता आकडे वेगळे आणि घात वेगळे, दोन ओळींत. आकडे: 8.5 × 1.6 = 13.6. घात: 28 − 19 − 6 = 3. खाली 13.6 × 10³, म्हणजे 1.36 × 10⁴. 3.4 भागिले 1.36 म्हणजे 2.5. वेग 2.5 × 10⁻⁴ मी/से, सेकंदाला पाव मिलिमीटर. पर्याय फक्त घातात वेगळे असतील तर आधी घातांची ओळ करायची, कधी कधी आकड्यांना हात लावावाच लागत नाही.

26 फेब्रुवारी

दोन्ही चॅप्टरची मिळून 20 प्रश्नांची टेस्ट घड्याळ लावून दिली, 30 मिनिटं. बरोबर 14, चूक 3, सोडले 3. 80 पैकी 53. याच दोन चॅप्टरवर डिसेंबरात तेवढ्याच प्रश्नांत 17 होते.

सोडलेल्यांपैकी दोन दोन-बिंदूंच्या सर्किटचे, ठरवून सोडले. तिसऱ्याला वेळ उरला नाही. समासातल्या रेघांना वेळ जातो हे खरंय, पण त्या रेघेने आज दोन उत्तरं बदलायला लावली आणि दोन्ही बरोबर निघाली.

चुकलेल्या तिघांपैकी एक इथे मांडते. f 20 सेमीची कॉन्व्हेक्स आणि 30 सेमीची कॉन्केव्ह लेन्स एकमेकींना चिकटवून, जोडीची पॉवर किती? गुणाकार भागिले बेरीज: (20 × −30)/(20 − 30) = 60 सेमी. बरोबर. मग घाईत पॉवर 1/60 लिहिली. f मीटरमध्ये हवी, 0.6 मी, म्हणजे 5/3 डायऑप्टर. खरं तर इथे सूत्राची गरजच नव्हती. 100 भागिले सेमी म्हणजे थेट पॉवर: 100/20 = 5, 100/(−30) = −10/3, बेरीज 5/3. चिकटलेल्या लेन्सना पॉवर नुसती बेरजेने मिळते, उलटसुलट करावंच लागत नाही.

उद्या दोन बिंदूंची पाच सर्किटं, x आणि y घेऊन. सरांना आधीच सांगून ठेवलंय की काउंटरवर सगळ्यांत आधी माझा नंबर.